एटीएमवर स्किमर सापडला, पण तो बसवला कधी? वसई-विरारच्या ग्राहकांनी बातमीत काय शोधावं

विशेष विश्लेषण

एटीएम मशीनवर स्किमर सापडल्याची बातमी आली की ती साधारण एकाच साच्यात येते. अमुक बँकेच्या एटीएमवर सकाळी इतक्या वाजता संशयास्पद यंत्र आढळलं, मशीन बंद करण्यात आलं, पोलिसांत तक्रार झाली, ग्राहकांनी घाबरू नये. नालासोपारा, विरार किंवा वसई स्टेशनबाहेर रोज पैसे काढणारा माणूस ही बातमी वाचतो, 'त्या सकाळी आपण तिथे नव्हतो' असं मनाशी म्हणतो आणि पुढे सरकतो.

चूक इथेच होते. यंत्र सापडल्याची वेळ ही धोका संपल्याची वेळ असते. धोका सुरू कधी झाला, ते त्या वेळेवरून कळत नाही. त्यासाठी यंत्र बसवलं कधी हे शोधावं लागतं. या दोन वेळांच्या मध्ये ज्याने ज्याने त्या मशीनमध्ये कार्ड घातलं, तो प्रत्येक जण संभाव्य बाधित ग्राहक असतो, मग त्याच्या खात्यातून अजून एक रुपयाही गेलेला नसो.

तिरुवनंतपुरमचं मशीन, मुंबईतले पैसे

हा फरक किती महागात पडतो, ते 2016 च्या एका प्रकरणात दिसलं. त्या प्रकरणाचा शेवट मुंबईत झाला. ऑगस्ट 2016 च्या पहिल्या आठवड्यात केरळच्या तिरुवनंतपुरम शहरात लोकांच्या मोबाईलवर पैसे निघाल्याचे मेसेज येऊ लागले. माणूस केरळात, कार्ड खिशात, आणि पैसे मात्र मुंबईच्या एटीएममधून निघालेले. पन्नासच्या आसपास ग्राहक तक्रार घेऊन आले. त्या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान निघाली. शहरातल्या वेल्लयम्बलम भागात आल्थरा जंक्शनला असलेलं स्टेट बँकेचं एटीएम त्यांनी कधी ना कधी वापरलं होतं.

पोलिसांनी तिथे तपासणी केली तेव्हा धुराची सूचना देणाऱ्या उपकरणासारखं दिसणारं एक यंत्र सापडलं. त्याच्या आत कॅमेरा, बॅटरी आणि मेमरी कार्ड होतं. लोक पिन दाबत होते आणि वरून त्याचं चित्रीकरण होत होतं. सीसीटीव्हीचं जुनं फुटेज मागे मागे नेल्यावर काही परदेशी माणसं तिथे यंत्र बसवताना दिसली. त्या फुटेजवरची तारीख होती 30 जून. म्हणजे यंत्र बसवलं जून संपताना आणि गवगवा झाला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मधले पाच आठवडे कोणालाच काही कळलं नाही. 9 ऑगस्टला या टोळीतला रोमानियाचा एक नागरिक मुंबईत पकडला गेला.

2018 मध्ये कोलकात्यातही असाच प्रकार घडला. तिथल्या ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली आणि पैसे निघाले दिल्लीतून. माहिती एका शहरात चोरायची आणि पैसे हजार-दोन हजार किलोमीटरवर काढायचे, हीच या धंद्याची पद्धत आहे. मध्ये काही दिवस किंवा आठवडे जाऊ देतात. तोपर्यंत ग्राहकाला आपण कुठल्या मशीनवर कार्ड घातलं होतं तेही आठवत नाही. काही बँकांत आणि मशीनमध्ये सीसीटीव्हीचं जुनं फुटेजही पुसलं जाण्याची वेळ येते.

सुरू मशीन जास्त धोक्याचं

बातमीतली दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र सापडलं तेव्हा मशीन कोणत्या अवस्थेत होतं. बऱ्याच जणांना वाटतं की छेडछाड केलेलं मशीन अडकत असेल, चुकीचे मेसेज दाखवत असेल किंवा पैसेच देत नसेल. प्रत्यक्षात उलट आहे. स्किमर लावणाऱ्याला मशीन व्यवस्थित चालायला हवं असतं. पैसे मिळत राहिले की रांग लागते, आणि रांग लागली की त्याला कार्ड मिळतात. बंद पडलेल्या मशीनमध्ये कोण कार्ड घालणार?

स्किमरचं काम तसं साधं असतं. कार्ड जिथे आत जातं त्या तोंडावर तशाच रंगाचा, तशाच आकाराचा एक नकली तुकडा बसवतात. कार्डाच्या मागची काळी पट्टी त्याच्यासमोरून सरकली की पट्टीवरची माहिती त्यात नोंदली जाते. कार्ड पुढे खऱ्या मशीनमध्येही जातं आणि व्यवहार नेहमीसारखा होतो. पण नुसत्या पट्टीने एटीएममधून पैसे निघत नाहीत, पिनही लागतो. त्यासाठी एक बारीक कॅमेरा वर किंवा बाजूला लावतात, नाहीतर खऱ्या कीपॅडवर नकली कीपॅड चिकटवतात. चोराला पट्टी आणि पिन दोन्ही लागतात. म्हणून पिन दाबताना दुसऱ्या हाताने झाकण्याची जुनी सवय कॅमेऱ्याला खरोखर आंधळं करते. नकली कीपॅडपुढे मात्र तिचा उपयोग होत नाही.

मग बातमीत 'मशीन बंद होतं' असं आलं तर विचारायला हवं की ते कोणी बंद केलं आणि कधी. रिझर्व्ह बँकेने जून 2018 मध्ये बँकांना एटीएमच्या सुरक्षेचं वेळापत्रक दिलं होतं. स्किमिंग रोखणारी यंत्रणा मार्च 2019 पर्यंत बसवायची, असं त्यात होतं. या यंत्रणेला कार्डाच्या तोंडावर काही परकं चिकटलेलं जाणवलं तर ती सूचना पाठवू शकते, काही मशीन स्वतःच व्यवहार थांबवतात. असं झालं असेल तर धोक्याचा काळ काही मिनिटांचाच असू शकतो. पण मशीन सकाळपर्यंत बिनबोभाट चालू होतं आणि पैसे भरायला आलेल्या माणसाच्या हाताला तो तुकडा हलताना जाणवला, असं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तेव्हा मागची सगळी रात्र मोजावी लागते, कदाचित मागचे काही दिवसही.

यंत्र काढताना ते कोणत्या स्थितीत होतं, हेही महत्त्वाचं ठरतं. बॅटरी संपलेली असेल तर शेवटच्या काही तासांतली कार्ड कदाचित नोंदलीच गेली नसतील. मेमरी कार्ड आत असेल तर चोर माहिती घेऊन जाण्याआधीच यंत्र हाती लागलं, अशी शक्यता राहते. मात्र काही यंत्रं माहिती बिनतारी पाठवतात. त्यामुळे 'यंत्र आमच्या ताब्यात आहे' म्हणजे माहितीही ताब्यात आहे, असं धरून चालत नाही. ग्राहकाने यंत्र सापडलंच तर ते उपटू नये, यामागेही हेच कारण आहे. हाताचे ठसे, मेमरी आणि बसवण्याची पद्धत, सगळा पुरावा त्याच तुकड्यात असतो. आणि ते लावणारा माणूस कधी कधी जवळपासच असतो.

'किती ग्राहक बाधित' हा आकडा येतो कुठून

आता तिसरा मुद्दा, आकड्याचा. एक उदाहरण घेऊन पाहू. हे उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे.

समजा, वसईतल्या एका एटीएमवर मंगळवारी सकाळी 9 वाजून 40 मिनिटांनी स्किमर सापडला. सीसीटीव्हीत सोमवारी संध्याकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी एक माणूस मशीनच्या तोंडाशी बराच वेळ काहीतरी करताना दिसतो. म्हणजे धोक्याचा काळ साडेपंधरा तासांचा. मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होते. त्या काळात 112 व्यवहार दिसतात. त्यातले 8 जणांनी मोबाईलवरून कोड स्कॅन करून, कार्ड न घालता पैसे काढलेले. ते सोडले तर उरले 104. काहींनी आधी बॅलन्स पाहिला आणि मग पैसे काढले, म्हणजे एकच कार्ड दोनदा गेलं. अशी दुबार नावं काढली की उरतात 91 कार्ड. हाच संभाव्य बाधित ग्राहकांचा आकडा.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्याने नुसता बॅलन्स पाहिला तोही या 91 मध्ये येतो. ज्याला 'व्यवहार अयशस्वी' असं आलं आणि पैसे मिळालेच नाहीत, तोही येतो. कार्ड आत गेलं आणि पिन दाबला, तेवढं चोराला पुरतं. 'मी तर त्या दिवशी पैसेच काढले नाहीत' म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

आता हाच आकडा कसा फुगतो ते पाहा. सीसीटीव्हीचं चित्र अस्पष्ट असेल किंवा कॅमेराच बंद असेल, तर यंत्र बसवल्याची वेळ कळत नाही. मग मशीन शेवटचं स्वच्छ कधी पाहिलं गेलं, तिथपासून मोजावं लागतं. समजा पैसे भरणारी गाडी शनिवारी दुपारी 3 वाजता येऊन गेली आणि तेव्हा तोंड तपासल्याची नोंद आहे. तर धोक्याचा काळ साडेपंधरा तासांवरून जवळपास 67 तासांवर जातो. त्यात पूर्ण रविवार येतो, बाजाराची गर्दी येते. 91 चे चारशे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या बातमीत बाधितांचा आकडा आहे पण तो कोणत्या वेळेपासून मोजला ते नाही, त्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही.

गावच्या ग्राहकाला फोन कोण करणार

वसई-विरारच्या मशीनवर एकट्या शहराची कार्ड येत नाहीत. कामाला रोज खाली येणारे, बाजारहाटाला आलेले, वाडा-विक्रमगडकडून दवाखान्यासाठी आलेले लोकही तिथेच पैसे काढतात. त्यांचं खातं मशीनवाल्या बँकेत असेलच असं नाही. कोणाचं सहकारी बँकेत, कोणाचं ग्रामीण शाखेत, कोणाचं जनधनचं.

वरच्या उदाहरणातली 91 कार्ड पुन्हा पाहू. समजा त्यातली 34 त्याच बँकेची आहेत. त्या ग्राहकांचे मोबाईल नंबर बँकेकडे आहेत. ती कार्ड ब्लॉक करून तासाभरात मेसेज पाठवता येतो. उरलेली 57 कार्ड दुसऱ्या बँकांची. मशीनवाल्या बँकेकडे त्यांचा फक्त कार्ड नंबर आहे. नाव नाही, फोन नाही. एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या मशीनवर चालतं ते राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या जाळ्यावरून. ही यादी आपापल्या बँकेपर्यंत पोचली आणि त्या बँकेने हालचाल केली, तरच त्या 57 जणांना कळणार. मशीनवाली बँक ते कार्ड स्वतः ब्लॉक करू शकत नाही.

त्यामुळे दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाने फोनची वाट पाहू नये. बातमीतलं ठिकाण आणि आपली भेट जुळत असेल तर ज्या बँकेचं कार्ड आहे त्या बँकेला स्वतः कळवावं. मशीनच्या बँकेत जाऊन भांडण्यात अर्धा दिवस जातो आणि तिथून उत्तर एकच मिळतं, तुमच्या शाखेत जा. मशीन कोणतं वापरलं होतं ते आठवत नसेल तर पासबुक किंवा मेसेज पाहावा. मेसेजमध्ये बहुतेक वेळा ठिकाण किंवा मशीनचा क्रमांक असतो.

चिप आली, मग भीती कशाची

2016 मध्ये बऱ्याच लोकांकडे नुसत्या काळ्या पट्टीची कार्ड होती. पट्टीवरची माहिती कायम तीच राहते. ती दुसऱ्या कोऱ्या कार्डावर उतरवली की जुळं कार्ड तयार. म्हणूनच केरळातली कार्ड मुंबईत चालली. पुढे रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2018 पर्यंत अशी कार्ड बदलून चिपची कार्ड द्यायला सांगितलं. चिप दर व्यवहाराला नवा कोड तयार करते, तो चोरून पुन्हा वापरता येत नाही. पट्टीवरच्या माहितीतही 'या कार्डाला चिप आहे' अशी खूण असते. चिप वाचणारं मशीन ती खूण पाहून चिप मागतं, आणि जुळ्या कार्डावर चिप नसते.

तरीही चिपच्या कार्डामागे काळी पट्टी आजही आहेच. जिथे मशीन चिप वाचत नाही आणि बँकही पट्टीवरचा व्यवहार मंजूर करते, तिथे जुळं कार्ड चालून जाऊ शकतं. अशी मशीन परदेशात शोधली जातात. 2013 मध्ये मुंबईतल्या काही पोलिसांच्याच पगार खात्यांतून ग्रीसमध्ये पैसे काढले गेले होते. त्यांच्यापैकी कोणी ग्रीसला गेलं नव्हतं.

यावर एक सोपा उपाय 2020 पासून ग्राहकाच्या हातात आहे. त्या वर्षी मार्चपासून नवीन कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू ठेवायचं, असा नियम झाला. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः चालू केला तरच सुरू होतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत विचारून हा वापर बंद आहे ना, एवढं एकदा पाहून घ्यावं. ज्यांना परदेशी जायचंच नाही त्यांचं यात काही अडत नाही.

पैसे गेले तर दिवस मोजायचे कसे

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी ग्राहकाच्या जबाबदारीचा नियम घालून दिला. सहकारी बँकांसाठी तसाच नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आला. या चौकटीप्रमाणे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याने गडबड केली, अशा वेळी ग्राहकाने बँकेचा मेसेज मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर जनधनसारख्या मूळ बचत खात्यावर जास्तीत जास्त 5,000 रुपये आणि साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर येऊ शकतो. सात दिवसांनंतर त्या त्या बँकेचं धोरण लागू होतं. चूक बँकेचीच असल्याचं निघालं, तर ग्राहकाने कधी कळवलं यावर काही अवलंबून राहत नाही, त्याची जबाबदारी शून्यच.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, आणि मोजायचे ते आपल्या शाखेचे कामाचे दिवस. समजा शुक्रवारी रात्री मेसेज आला, शनिवार महिन्यातला दुसरा म्हणून बँकेला सुट्टी, मग रविवार. अशा वेळी सोमवार पहिला दिवस आणि बुधवार तिसरा. नियमाने बुधवारपर्यंत वेळ आहे, पण तोपर्यंत जुळं कार्ड चालूच राहणार. म्हणून कार्ड शुक्रवारी रात्रीच ब्लॉक करायचं. एकदा बँकेला कळवलं की त्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची.

तक्रार केल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि 90 दिवसांत प्रकरण निकाली काढायचं, असं हा नियम सांगतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर आहे. अडचण येते ती पिनपाशी. 'पिन बरोबर टाकला होता, म्हणजे तुम्हीच कोणाला तरी दिला असेल,' असं काउंटरवर ऐकवलं जातं. स्किमिंगमध्ये पिन बरोबरच असतो, कारण तो कॅमेऱ्याने पाहिलेला असतो. त्या मशीनवर यंत्र सापडल्याची बातमी किंवा पोलिसांतली नोंद इथे ग्राहकाच्या बाजूचा पुरावा ठरते. मात्र कार्ड आणि पिन गार्डकडे किंवा शेजारच्या पोराकडे देऊन पैसे मागवायची सवय असेल तर हीच बाजू लंगडी पडते.

तक्रार तोंडी ठेवू नये. बँकेच्या नंबरवर फोन केला तर तक्रार क्रमांक घ्यावा, शाखेत दिली तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. सोबत 1930 या हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते.

आणि अजून पैसे गेलेच नसतील, पण त्या काळात त्या मशीनवर कार्ड घातलेलं असेल तर? तिरुवनंतपुरमच्या लोकांना ही संधी मिळाली नाही, कारण यंत्र पैसे गेल्यावर सापडलं. इथे ते आधी सापडलं असेल तर काम सोपं आहे. दुसऱ्या मशीनवर जाऊन किंवा ॲपमधून पिन बदलला की चोराकडचं जुळं कार्ड एटीएममध्ये निकामी होतं. त्यानंतर शाखेत अर्ज देऊन कार्डच बदलून घ्यावं. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना असेल तर तोही त्याच फेरीत बदलावा. मेसेज बंद पडलेल्या सिमवर गेला तर तीन दिवसांचं गणित कोणाच्याच कामाचं राहत नाही.